चक्क्याचा खारा स्प्रेड: डब्यात मऊ ठेवायचा की तेलात बुडवून?

दही टांगून क्रीम चीजसारखा स्प्रेड करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी कोणती हर्ब्ज घालायची ते ठरवतात. खरं तर आधी ठरवायचं असतं ते हे की तो संपणार किती दिवसांत. चार-पाच दिवसांत ब्रेडवर, खाखऱ्यावर, मुलांच्या डब्यात फस्त होणार असेल तर रीत वेगळी आणि दोन आठवडे पुरवायचा असेल तर वेगळी. टांगायचे तास, मिठाचं प्रमाण, ताजी पानं की सुकी, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

दह्यापर्यंतचं काम दोन्हींत सारखंच. फुल क्रीम दूध उकळून मंद आचेवर आणखी आठ-दहा मिनिटं तापत ठेवा. त्याने दह्याची पकड घट्ट होते, ते पाणी धरून ठेवतं आणि चक्का गुळगुळीत निघतो. दूध बोट सोसेल इतकं कोमट झालं की लिटरला एक चमचा विरजण लावा. लागल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार तास गार झाल्यावरच फडक्यात ओता. गरम, हललेलं दही ओतलं तर खाली पांढरट पाणी गळतं, म्हणजे तुमचाच चक्का वाया जातोय. खाली हिरवट-पिवळं, नितळ पाणी आलं तर सगळं ठीक. फडकं मलमलचं, कोऱ्या कापडाची खळ पूर्ण काढलेलं आणि साबणाचा वास नसलेलं हवं. चक्का तो वास लगेच धरतो.

आता वडोदऱ्याच्या हवेचा मुद्दा. जानेवारीत ओट्यावरच्या हुकाला रात्रभर टांगलेलं दही सकाळी गोडसर असतं. एप्रिल-मेमध्ये तेच काही तासांत आंबट होऊन नाकाला झोंबायला लागतं. उन्हाळ्यात खोल पातेल्यावर चाळणी, त्यात फडकं, वर झाकण असं सगळं फ्रिजमध्येच ठेवा. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण चव राहते. श्रीखंडासाठी डेअरीवर मिळणारा मस्को, म्हणजे तयार चक्का, सोयीचा असला तरी तो किती आंबलाय ते आधी चाखून घ्या. आंबटपणा साखरेत झाकला जातो, मिठाने उलट जास्त जाणवतो.

एक किलो दह्याचे दोन भाग करून दोन्ही रीती शेजारी शेजारी पाहू.

मऊ स्प्रेडसाठी अर्धा किलो दही ओट्यावर दहा-बारा तास किंवा फ्रिजमध्ये साधारण वीस तास टांगा. सुमारे 190 ग्रॅम चक्का मिळतो. फडकं उलगडल्यावर तो न चिकटता सुटला आणि चमचा त्यात उभा राहिला की झालं. मग पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा चाळणीतून काढा. मिक्सर नको, दोन फेऱ्यांतच चक्का पातळ होतो आणि पुन्हा घट्ट होत नाही. मीठ 2 ग्रॅम, म्हणजे पाव चमच्यापेक्षा जरासं जास्त. फ्रिजमध्ये क्रीम चीजसारखी सुरी फिरवता यावी असं वाटत असेल तर 20 ग्रॅम मऊ बिनमिठाचं लोणी फेटून घाला. खऱ्या क्रीम चीजमध्ये स्निग्धांश साधारण एक-तृतीयांश असतो. म्हशीच्या दुधाच्या चक्क्यात तो त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो, आणि लोणी हीच तूट थोडी भरून काढतं. तरीही चीजकेकसाठी हा स्प्रेड त्याची बरोबरी करत नाही, भाजताना पाणी सोडतो.

तेलातल्या रीतीत मीठ कधी घालायचं यावर बरंच अवलंबून आहे. दह्यातच घालून टांगलं तर बहुतेक मीठ पाण्याबरोबर निघून जातं आणि शेवटी चव फिकी निघते. पहिले बारा तास नुसतंच टांगा, मग 190 ग्रॅम चक्क्यात 4 ग्रॅम मीठ कालवून पुन्हा फडक्यात बांधा आणि फ्रिजमध्ये आणखी 24 ते 36 तास वजनाखाली ठेवा. सुमारे 145 ग्रॅम उरतं, वळलेली गोळी हाताला चिकटत नाही. लिंबाएवढ्या गोळ्या झाकून तासभर फ्रिजमध्ये सुकू द्या, मग उकळून पूर्ण कोरड्या केलेल्या बरणीत, पूर्ण बुडतील इतक्या तेलात ठेवा. वर डोकावणाऱ्या गोळीलाच आधी बुरशी धरते. घरात असतं ते घाण्याचं शेंगदाणा तेल इथे नको, त्याचा वास चक्क्यावर चढून बसतो. रिफाइंड सूर्यफूल किंवा ऑलिव्ह तेल घ्या. ऑलिव्ह तेल फ्रिजमध्ये थिजून पांढुरकं होतं, ते खराब झालेलं नसतं, दहा मिनिटं बाहेर ठेवलं की मोकळं होतं.

हर्ब्जच्या बाबतीत फरक सर्वांत मोठा पडतो. मऊ स्प्रेडमध्ये ताजी पानं शोभतात: शेपू, पुदिना, आणि हिवाळ्यात बाजारात हिरवा लसूण आला की त्याची पात. धुऊन फडक्यावर इतकी कोरडी करा की कागदावर दाबली तर डाग पडू नये, मगच चिरा. 190 ग्रॅमला एक मोठा चमचा पुरे. ओली पानं मिठाशी भेटली की पाणी सोडतात, दुसऱ्या दिवशी स्प्रेड सैल होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पानं काळवंडतात. म्हणून ताज्या पानांचा डबा तीन-चार दिवसांचाच समजा. त्याच चक्क्यात अर्धा चमचा सुका पुदिना किंवा ओरेगॅनो घातला तर आठवडाभर चालतं. मात्र सुक्या पानांची चव लगेच लागत नाही. पाच-सहा तास मुरल्याशिवाय आणखी घालू नका, नाहीतर सकाळी कडू लागेल.

तेलाच्या बरणीत ताजा लसूण किंवा ओली पानं अजिबात नकोत. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे लसणाच्या पाकळीत बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं, ज्याला वास किंवा चव असतेच असं नाही. चक्का आंबट असला तरी पाकळीच्या आतपर्यंत तो आंबटपणा पोचेलच याची खात्री नसते. सुकी पानं, कुटलेली मिरी, सुक्या लाल मिरचीचे तुकडे चालतात. लसूण हवाच असेल तर खाताना वरून किसा. आणि तेलात आहे म्हणून बरणी ओट्यावर ठेवायची नाही. आपल्या उन्हाळ्यात तिची जागा फ्रिजच्या आतल्या कप्प्यात, दारात नाही. अशी ठेवली तर दोन आठवडे टिकेल असं धरा.

मऊ स्प्रेडच्या डब्यात दुसऱ्या दिवशी वर थोडं नितळ पाणी जमलं तर ते दह्याचंच आहे, ओतून टाका. बुडबुडे, दारूसारखा वास, गुलाबी-नारिंगी ठिपके किंवा केसाळ डाग दिसले तर तेवढाच भाग खरवडून उरलेला खाऊ नका, सगळाच टाका. बहुतेक वेळा कारण ओला किंवा उष्टा चमचा असतो, म्हणून मोठ्या डब्याऐवजी दोन छोटे भरा आणि एक संपल्यावर दुसरा उघडा. शाळेच्या डब्यात लावलेला स्प्रेड मार्चपासून पुढे दुपारपर्यंत टिकेल असं धरू नका.

घरात तीन-चार माणसं आणि रोज सँडविच असेल तर मऊ स्प्रेड करा, अर्ध्या किलोच्या मापाने, आठवड्यातून एकदा. एकटं-दुकटं असाल, पाहुण्यांसाठी अधूनमधून लागत असेल, तर गोळ्या परवडतात, फक्त चक्का कमी भरतो आणि तेलाचा खर्च वाढतो. फ्रीझरचा तिसरा मार्ग सुचतो खरा, पण वितळल्यावर दाणे आणि पाणी वेगळं होतं. तो चक्का पराठ्याच्या सारणात जिरवावा लागतो. गाळलेलं बिनमिठाचं पाणी कढीत किंवा कणीक भिजवायला घ्या. दुसऱ्यांदा टांगल्यावर निघालेलं मात्र खारट असतं, त्याने कणीक मळलीत तर वेगळं मीठ घालू नका.