उंदीर पळवणारं अल्ट्रासोनिक यंत्र : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो: उंदीर, झुरळं, डास, तिघांपैकी एकावरही टिकाऊ परिणाम दिसला नाही. विकत घ्यायच्या विचारात असाल तर पुढचं नक्की वाचा.

आमचं घर जळगाव जिल्ह्यातलं. भाव वाढेपर्यंत कापूस मागच्या खोलीतच भरलेला असतो, शेजारी दादर ज्वारीची पोती. उंदरांना याहून चांगली जागा नाही. म्हणून त्या खोलीतल्या सॉकेटला यंत्र लावलं.

पहिले काही दिवस खुडबुड खरंच कमी झाली. बहुतेक लोक पाच तारे देऊन मोकळे होतात ते इथेच. मी भिंतीकडेने रोज रात्री पिठाचा पातळ पट्टा मारायला लागलो, कारण उंदीर भिंतीला घासून चालतो आणि पिठात पावलं उमटतात. आठवडा सरेपर्यंत पावलं पुन्हा पहिल्यासारखी दिसू लागली. मग यंत्र काढून ठेवलं आणि नुसती पोती इकडची तिकडे केली. तरी पावलं तशीच कमी झाली आणि तशीच परत आली! उंदीर कुठल्याही नव्या बदलाला बिचकतो आणि धोका नाही हे कळलं की सरावतो. यंत्राचं श्रेय एवढंच.

दुसरी अडचण आवाजाची. आपल्याला ऐकू न येणारा, 20 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज हवेत लवकर विरतो आणि भिंत ओलांडत नाही. कापसाचा ढीग तर तो पिऊनच टाकतो. खोक्यावर लिहिलेले चौरस फूट मोकळ्या खोलीचे असतात, पोत्यांमागे मात्र उंदीर निवांत असतो.

खरा फरक पडला तो दाराखालची फट पत्र्याने आणि मोरीचं तोंड बारीक लोखंडी जाळीने बंद केल्यावर. अर्धा इंच जागा मिळाली तरी उंदीर आत शिरतो, म्हणून बोट जाईल ती प्रत्येक फट बुजवा. पोती भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर ठेवली. आत उरलेले उंदीर पिंजऱ्यात सापडले.

स्वयंपाकघरात झुरळं यंत्राशेजारीच फिरत होती. तिथे जेलचे ठिपके लावले, सिंकखालची ओल काढली, तेव्हा कमी झाली.

डासांच्या बाबतीत तर हे यंत्र घेऊच नका. मादी डास आपला श्वास, अंगाची ऊब आणि वास यांवरून येते. 2007 साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात अशा यंत्रांच्या 10 मैदानी चाचण्या तपासल्या होत्या, एकीतही डास चावणं कमी झालेलं आढळलं नाही. लहान मूल असलेल्या घरात यंत्राच्या भरवशावर मच्छरदाणी काढून ठेवणं मला धोक्याचं वाटतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरोघरी कूलर चालतो, डेंग्यूचा डास त्याच्याच पाण्यात वाढतो. दर आठवड्याला टाकी रिकामी करा आणि आतून घासा. अंडी कडेला चिकटतात आणि सुकली तरी मरत नाहीत, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही.