डॉक्सिसायक्लिन: रिकाम्या पोटी की जेवणानंतर?

डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी रिकाम्या पोटी घेतली की ती थोडी अधिक शोषली जाते हे खरे असले, तरी ती जठराच्या अस्तराला थेट झोंबत असल्यामुळे अनेकांना अर्ध्या तासातच मळमळू लागते. जेवणानंतर घेतल्यास शोषण साधारण 20 टक्क्यांनी घटते. पण एवढ्याने गुण येण्यात सहसा फरक पडत नाही, म्हणून मळमळणाऱ्याने जेवणानंतरचाच पर्याय निवडावा, असे माझे मत आहे. याच गटातल्या टेट्रासायक्लिनला मात्र ही सवलत नाही; ते रिकाम्या पोटीच घ्यावे लागते.

समजा, सकाळी 8 आणि रात्री 8 अशी वेळ ठरली आहे आणि सकाळची गोळी चहाबरोबर जाते. ती न्याहारीनंतर, पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि पुढचा अर्धा तास आडवे होऊ नये, कारण अन्ननलिकेत अडकलेली गोळी तिथे व्रण करते. दूध, कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताचे औषध त्याच वेळी घेतल्यास औषधाचा काही भाग त्यांच्याशी बांधला जाऊन वाया जातो. त्यामुळे दोहोंत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. (पोटाला आधार म्हणून दुधासोबत गोळी घेण्याची सवय इथे नेमकी नडते.)

एवढे करूनही गोळी वारंवार उलटून पडत असेल किंवा गिळताना छातीत दुखत असेल, तर स्वतःहून औषध न थांबवता त्याच दिवशी डॉक्टरांना बदल विचारावा. अंगावर पुरळ उठल्यास मात्र पुढची गोळी घेण्यापूर्वीच विचारावे, आणि चेहरा सुजल्यास किंवा श्वास अडकल्यास थेट तातडीचे उपचार घ्यावेत.