शेअर सर्टिफिकेट अडलंय: उपनिबंधकांकडे नेमका कोणता अर्ज करावा?

जुना फ्लॅट घेतला, दस्त नोंदला, बँकेचे हप्तेही सुरू झाले, पण सोसायटी शेअर सर्टिफिकेट काही देत नाही. मग बहुतेक जण उपनिबंधकांच्या नावे तीन-चार पानी तक्रार लिहितात आणि शेवटी ‘सर्टिफिकेट देण्याचे आदेश व्हावेत’ अशी मागणी करतात. तक्रार खुलाशासाठी सोसायटीकडे जाते, सोसायटी ‘अर्जदार आमचे सभासदच नाहीत’ असं कळवते आणि प्रकरण तिथेच थांबतं. म्हणून आधी स्वतःला विचारा: सोसायटीने मला सभासद करून घ्यायचं टाळलंय, की सभासद केल्यावर फक्त कागद अडवलाय?

ओळखायचं कसं? पुनर्विक्रीत सहसा नवं सर्टिफिकेट निघत नाही. विकणाऱ्याचंच मूळ सर्टिफिकेट सोसायटीकडे जातं आणि त्याच्या मागच्या बाजूला तुमचं नाव चढून अध्यक्ष, सचिव आणि एका समिती सदस्याची सही होते. ही नोंद होण्याआधी समितीचा हस्तांतरणाचा ठराव व्हावा लागतो आणि सभासदांच्या ‘आय’ नोंदवहीत तुमचं नाव यावं लागतं. देखभालीचं बिल तुमच्या नावाने येतं, एवढ्यावर विसंबू नका. ठरावाची प्रत लेखी मागा.

ठराव झालाय आणि सही-शिक्का तेवढा राहिलाय, तर काम सोपं आहे. नव्या इमारतीतल्या पहिल्या खरेदीदारांचंही तेच. आदर्श उपविधींप्रमाणे भागवाटप झाल्यापासून ६ महिन्यांत सर्टिफिकेट द्यायचं असतं. इथे साधी तक्रार पुरते, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ खाली निबंधक, म्हणजे त्यांच्या वतीने उपनिबंधक, मुदत घालून सोसायटीकडून काम करून घेऊ शकतात.

ठरावच झालेला नसेल तर सर्टिफिकेट मागूच नका, सभासदत्व मागा. इथे दोन रस्ते फुटतात आणि कोणता धरायचा ते सोसायटीच्या उत्तरावर ठरतं.

समजा, तुम्ही १२ जानेवारीला अर्ज दिला आणि पोच घेतली. सोसायटीने काहीच कळवलं नाही, तर ३ महिने पूर्ण होताच, म्हणजे १२ एप्रिल उलटल्यावर, कलम २२(२) प्रमाणे तुम्ही ‘मानीव सभासद’ ठरता, म्हणजे सोसायटीने निर्णय न देताही कायदा तुम्हाला सभासद धरतो. सोसायटीने ते मान्य केलं नाही तर निर्णय निबंधक दोघांना ऐकून देतात. पण २० मार्चला लेखी नकार हातात पडला असेल, तर मानीव सभासदत्वाचा मुद्दाच उरत नाही. मग कलम २३(२) खाली अपील करायचं, तेही नकार कळल्यापासून २ महिन्यांत, म्हणजे २० मेच्या आत. अनेक जण सचिवांच्या विनवण्या करत हीच मुदत घालवतात, आणि ते पाहून फार वाईट वाटतं.

दोन्हींत मला पहिला रस्ता खरेदीदाराच्या जास्त सोयीचा वाटतो. तिथे प्रश्न मुख्यतः दोनच: अर्ज केव्हा पोचला आणि तो पूर्ण होता का. अपिलात सोसायटीने दिलेलं कारण पुरेसं आहे की नाही, यावर वाद घालावा लागतो.

‘पूर्ण होता का’ इथेच प्रकरणं पडतात. विकणाऱ्याचे आणि तुमचे विहित नमुने, नोंदणीकृत दस्ताची प्रत, ५०० रुपये हस्तांतरण शुल्क, १०० रुपये प्रवेश शुल्क आणि लागू असेल ते हस्तांतरणाचं प्रीमियम अर्जासोबतच द्या. महानगरपालिका हद्दीत प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. ‘विकास निधी’ म्हणून त्यावर मागितलेली रक्कम दिली नाही म्हणून अर्ज अपुरा ठरत नाही. सोसायटी अर्ज किंवा पैसेच घेत नसेल, तर कलम २३(१अ) प्रमाणे दोन्ही थेट निबंधकांकडे देता येतात. ते अर्ज सोसायटीकडे पाठवतात आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत तिने निर्णय कळवला नाही, तरी तुम्ही मानीव सभासद होता.

एक कारण मात्र खरोखर वजनदार आहे: आधीच्या मालकाची थकबाकी. कलम १५४ब-७ प्रमाणे सोसायटीची देणी चुकती झाल्याशिवाय हस्तांतरण होत नाही. आकडा वादाचा वाटला तरी माझा सल्ला असा की रक्कम ‘हरकत राखून’ चेकने भरा, तसं पत्र द्या आणि वसुलीचं विकणाऱ्याशी नंतर बघा. पाचपन्नास हजारांच्या वादापायी सभासदत्व वर्षभर लटकवून ठेवू नये.

सहकार न्यायालयात, कलम ९१ खाली, जायचा सल्लाही मिळेल. नुसत्या सभासदत्वासाठी किंवा सर्टिफिकेटसाठी तिथून सुरुवात करू नका. आदर्श उपविधींतच या दोन्ही तक्रारी निबंधकांकडे न्यायला सांगितल्या आहेत. उलट, फ्लॅटवर दुसऱ्या कुणी मालकी सांगितली असेल, विकणाऱ्याच्या भावाने हरकत घेतली असेल, तर निबंधक मालकी ठरवत नाहीत. त्यासाठी दिवाणी न्यायालयच गाठावं लागतं.

अर्जातली मागणी या क्रमाने लिहा: मला १२ एप्रिलपासून मानीव सभासद घोषित करावं, ‘आय’ नोंदवहीत माझं नाव घ्यावं, आणि मूळ सर्टिफिकेटवर माझ्या नावाची नोंद करून ते मला द्यावं.