सॅव्हाना, तैगा की टुंड्रा? उन्हाळ्याचे तापमान आधी पाहा

भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत हवामानाचा तक्ता दिला की पुष्कळ विद्यार्थी सर्वात थंड महिना शोधतात आणि त्यावरून तैगा म्हणजे थंड प्रदेशातील सूचीपर्णी अरण्य, किंवा टुंड्रा म्हणजे वृक्षहीन थंड प्रदेश, असे ठरवून टाकतात. ही पद्धत फसवी आहे. सायबेरियातील वर्खोयान्स्क येथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे ४५ अंशांच्या आसपास असते. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील उत्कियाग्विक येथे ते सुमारे उणे २५ अंश असते. तरीही वर्खोयान्स्कच्या परिसरात अरण्य आहे आणि उत्कियाग्विकला झाड नाही. दोन्हीकडे जमीन खोलवर कायम गोठलेली असल्यामुळे तेही कारण पुरत नाही. फरक जुलैत आहे: वर्खोयान्स्कला त्या महिन्याची सरासरी सुमारे १६ अंश, तर उत्कियाग्विकला जेमतेम ५ अंश. सर्वात उष्ण महिन्याची सरासरी दहा अंशांच्या खाली राहिली, तर झाडाला नवे लाकूड घडवायला पुरेशी ऊब मिळत नाही. म्हणून टुंड्रात शेवाळ, दगडफूल आणि जमिनीला चिकटून वाढणारी खुरटी विलो अशा बुटक्या वनस्पतीच तग धरतात.

तैगातील बहुतेक सूचीपर्णी वृक्ष सदाहरित असतात, परंतु सायबेरियातील लार्च हिवाळ्यात पाने गाळतो. गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी मिळत नसताना पानांतून ते निघून जाऊ नये, यासाठीची ही तरतूद आहे.

सॅव्हानाचा, म्हणजे विखुरलेल्या झाडांच्या उष्ण गवताळ प्रदेशाचा, निवाडा मात्र तापमानाने होत नाही. तेथे वर्षभर ऊब असते. झाडांची दाटी रोखतात तो लांबलेला कोरडा काळ, वणवे आणि चराई. पुणेकरांना हे घराजवळच पाहता येते. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते ऑक्टोबरमध्ये. पूर्वेकडे सुप्याच्या माळांवर तो आणखी कमी होतो. तेथे कुसळी गवतात विखुरलेले हिवर आणि बोरी दिसतात. अशा माळाला कोणी पडीक जमीन म्हटले की मला वाईट वाटते. चिंकारा तेथेच राहतो आणि पाण्याची बरीचशी गरज पाल्यातून भागवतो.

प्राण्यांच्या बाबतीत तैगा आणि टुंड्रा यांच्यात इतकी काटेकोर रेघ ओढता येत नाही. लिंक्स या रानमांजराचे रुंद, केसाळ पंजे तैगातील मऊ बर्फावर रुतत नाहीत. टुंड्रातील लेमिंग हा उंदरासारखा प्राणी बर्फाच्या थराखाली बोगदे करून हिवाळा काढतो, कारण तो थर दुलईसारखा ऊब राखतो. परंतु रेनडिअरचे अनेक कळप उन्हाळ्यात टुंड्रावर आणि हिवाळ्यात तैगात राहतात.

तक्ता समोर आला की आधी उष्ण महिना पाहावा. तो दहा अंशांखाली असेल तर टुंड्रा. वर असून हिवाळा दीर्घ आणि कडक असेल, तर बहुधा तैगा. बारा महिने ऊब असेल, तर पावसाचा रकाना वाचावा. कोरडे महिने सलग आले, तर सॅव्हानाचा विचार करावा. प्रकल्पासाठी यांपैकी एकच निवडायचा असेल, तर पुण्यातील विद्यार्थ्याने सॅव्हाना घ्यावा, कारण सकाळी निघून तो माळ स्वतः पाहून येता येतो.