वेल्ट, ब्लेक आणि चिकटवलेला सोल: तीन जोड दीड वर्ष वापरल्यावर

ऑफिसला बुटांचे तीन जोड आलटून-पालटून घालतोय: चिकटवलेल्या सोलचा अडीच हजारांचा, ब्लेक शिलाईचा साडेसहा हजारांचा आणि गुडइयर वेल्टचा साडेअकरा हजारांचा. तिन्हींचं वरचं चामडं अजून धडधाकट आहे. खरा फरक कळला तो सोलची वेळ आल्यावर.

चिकटवलेला जोड पावसाळ्यात चवड्यापाशी सुटला, कारण पाऊल तिथेच दुमडतं. मोच्याने जुना थर घासून नवं सोल्युशन लावलं, तेव्हा तो पुन्हा नीट धरला. नुसतं वरून लावलं की आठवड्यात उघडतो. मात्र सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असेल तर दमट हवेत तो कपाटात पडल्यापडल्याही भुसभुशीत होतो, मग चिकटवायला काही उरतच नाही.

ब्लेकमध्ये एकच शिलाई इनसोल म्हणजे आतला तळ, चामडं आणि सोल यांतून आरपार जाते. म्हणून बूट हलका आणि पहिल्या दिवसापासून मऊ. चालायला मला हाच सर्वांत आवडतो. पण भर पावसात याच टाक्यांतून पाणी आत चढतं. सोल बदलायला बुटाच्या आत हात घालणारं खास मशीन लागतं, ते कोपऱ्यावरच्या मोच्याकडे नसतं. शिवाय दर वेळी इनसोलला पुन्हा भोकं पडतात, त्यामुळे हे फार वेळा जमत नाही.

वेल्टमध्ये चामड्याची एक पट्टी आधी अप्परला, म्हणजे वरच्या चामड्याला, आणि इनसोलखालच्या उभ्या कडेला, म्हणजे कण्याला शिवतात. सोल नंतर त्या पट्टीलाच शिवला जातो, मधल्या पोकळीत कॉर्क भरतात. माझा सोल बदलला तेव्हा कारागिराने फक्त खालची शिलाई कापली, दबलेला कॉर्क बदलला आणि नवा सोल जुन्याच पट्टीला शिवला. अप्परला सुईही लागली नाही. खर्च २,८०० रुपये. पायाच्या आकाराने बसलेला इनसोल तसाच राहिला, मला त्याचंच मोल जास्त वाटतं. कारण पैशांत वेल्ट जिंकत नाही: दोनदा सोल बदलून हा जोड १७,१०० रुपयांना पडेल आणि तेवढ्यात चिकटवलेले सहा जोड येतात.

हेही सांगतो, मशीनच्या बहुतेक वेल्टमध्ये इनसोलचा तो कणा म्हणजे चिकटवलेली कापडी पट्टीच असते. तो सुटला की दुरुस्ती महाग पडते. टोकाकडे सोल झिजून वेल्टची चामडी पट्टी घासायला लागेपर्यंत थांबलात तर तीही बदलावी लागते. सोलच्या मधोमध अंगठ्याने दाबून तो मऊ लागला की लगेच बदलायला द्यावा.

विकत घेताना शोभेच्या वेल्टपासून सावध राहा. नुसते टाके मारलेली पट्टी चिकटवून बूट दुप्पट किमतीला विकतात. पट्टी आणि अप्परमधली फट अंगठ्याने किंचित उघडून बघा: खऱ्या वेल्टमध्ये आत दोरा दिसतो, खोट्यात नुसता गोंद.