कर्म, ज्ञान, भक्ती: कुणासाठी कोणता मार्ग? (अकरावी-बारावीसाठी वर्गीकरणाच्या सरावासह)

तीन मार्गांवरचा प्रश्न आला की मुलं ठरलेलं उत्तर लिहितात: काम करतो तो कर्ममार्गी, वाचतो तो ज्ञानमार्गी, हात जोडतो तो भक्तिमार्गी. हे उत्तर अर्धवट आहे, कारण त्यात माणसाचे हात काय करतात एवढंच दिसतं. मार्ग ठरतो तो फळाची ओढ किती आणि 'मी केलं' ही भावना कुठे आहे, यावरून.

निवड कशी करायची याचा सर्वांत नेमका निकष मला गीतेपेक्षा भागवताच्या अकराव्या स्कंधात, विसाव्या अध्यायात सापडतो. एकनाथांनी ज्यावर ओवीबद्ध टीका लिहिली तोच हा स्कंध. तिथे कृष्ण उद्धवाला सांगतो की माणसाच्या कल्याणासाठी मी तीन योग सांगितले: ज्ञान, कर्म आणि भक्ती. पुढच्याच दोन श्लोकांत तो कोणता योग कुणाचा तेही सांगतो. ज्याचं मन कर्मांना विटलं आहे, त्याला ज्ञानयोग. ज्याचं मन विटलेलं नाही, ज्याला अजून खूप काही हवं आहे, त्याला कर्मयोग. जो फार विटलेला नाही आणि फार गुंतलेलाही नाही, पण ज्याची भगवंताच्या कथेवर श्रद्धा बसली आहे, त्याला भक्तियोग. इथे श्रेष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड लावलेली नाही. तुझं मन आत्ता कुठे उभं आहे, एवढंच विचारलं आहे.

आता तिन्ही शेजारी ठेवून पाहू. कर्ममार्गावर इच्छा असलेल्या माणसाला काम सोडायला सांगत नाहीत, फक्त फळावरची पकड सैल करायला सांगतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 'कर्मण्येवाधिकारस्ते' हा श्लोक सगळ्यांना पाठ असतो, पण त्याचा शेवटचा तुकडा सहसा निसटतो: कर्म न करण्याचीही आसक्ती नको. 'निकालाचं काय, होईल ते होईल' म्हणत अभ्यास बाजूला ठेवणं या मार्गात बसत नाही. हा मार्ग बिघडतो तो अहंकाराने. काम चालू राहतं आणि 'मी नसतो तर काय झालं असतं' हा सूर हळूच शिरतो.

ज्ञानमार्गाचं उत्तम चित्र बृहदारण्यक उपनिषदात आहे. याज्ञवल्क्य घर सोडण्यापूर्वी मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघी पत्नींमध्ये वाटणी करायला निघतात. मैत्रेयी विचारते, संपत्तीने भरलेली सगळी पृथ्वी माझी झाली तर मी अमर होईन का? ते म्हणतात, नाही. श्रीमंतांचं आयुष्य जसं असतं तसं तुझं होईल, एवढंच. मग ती संपत्ती बाजूला ठेवते आणि जे जाणता ते मला सांगा, म्हणते. विटलेलं मन म्हणजे हेच. मैत्रेयी चिडलेली नाही, थकलेलीही नाही. मिळणाऱ्या गोष्टीची किंमत तिला कळली आहे. पुढची पद्धतही याज्ञवल्क्य तिथेच सांगतात: ऐकायचं, त्यावर तर्काने विचार करायचा, मग त्यातच मन मुरवायचं. म्हणून पाठांतर म्हणजे ज्ञानमार्ग नव्हे. बोलणं पुढे धावतं आणि मन मागे राहतं, तिथे हा मार्ग फसतो.

भक्तिमार्गाबद्दल वर्गात एक गैरसमज हमखास निघतो: नवस बोलणारा खरा भक्त नव्हे. गीतेचा सातवा अध्याय इतका कडक नाही. तो चार प्रकारचे भक्त सांगतो: संकटात सापडलेला, जाणू पाहणारा, काही मिळवू पाहणारा आणि ज्ञानी. ज्ञानी त्यात श्रेष्ठ, पण चौघांनाही 'उदार' म्हटलं आहे. नवसकरी दाराच्या आतच आहे, फक्त उंबऱ्यापाशी.

कोणता मार्ग मुख्य, यावर मोठ्यांचंही एकमत नाही, हे मुलांना आधीच सांगावं. शंकराचार्यांच्या मते मोक्ष ज्ञानानेच मिळतो, कर्म चित्त शुद्ध करण्यापुरतं. रामानुजांच्या मते कर्म आणि ज्ञान भक्तीला पोसतात. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली छापलेल्या ग्रंथात, गीता मुख्यतः कर्मयोगच सांगते असं मांडलं. ग्रंथ एकच, वाचन तीन.

आता सराव. चार-पाच जणांचा गट करा, पुढचे प्रसंग चिठ्ठ्यांवर लिहा आणि चार गठ्ठे पाडा: कर्म, ज्ञान, भक्ती आणि 'अजून मार्ग नाही'. हा चौथा गठ्ठा नसेल तर मुलं प्रत्येक चिठ्ठी कुठेतरी कोंबतात.

१. बारावीतली मुलगी रोज रात्री आजीला औषध देते, तिची कूस बदलते. घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही. तिचं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

२. मुलगा म्हणतो, पंच्याऐंशी टक्के पडले तर तुळजापूरला चालत जाईन.

३. गीतापाठांतरात पहिला आलेला विद्यार्थी दुसरा आलेल्याशी बोलत नाही.

४. निवृत्त अधिकाऱ्याला सगळं मिळालं आहे, आणि 'हे मिळवणारा मी कोण' हा प्रश्न त्याला सोडत नाही. तो आठवड्यातून दोनदा एका शास्त्र्यांकडे उपनिषद शिकायला बसतो.

५. वारकरी बाई गर्दीमुळे कळसालाच नमस्कार करून समाधानाने परत फिरते.

६. गल्ली झाडणारा तरुण पेपरात आपला फोटो आला नाही म्हणून पुढच्या रविवारी येत नाही.

चौथी आणि पाचवी लवकर लागतात. तिसरी चौथ्या गठ्ठ्यात जाते. सहावीवर वाद होतो, आणि तो होऊ द्यावा. झाडू तोच आणि गल्लीही तीच, पण फळ हुकताच काम थांबलं. कर्म झालं, योग झाला नाही, म्हणून मी तीही चौथ्यात ठेवतो. दुसरी भक्तीत जाते, वर सांगितलेल्या कारणाने.

खरी मजा पहिल्या चिठ्ठीत आहे. आहे तशी ती कर्मात बसते. मग गटाला सांगायचं: एकच वाक्य जोडा आणि चिठ्ठी हलवा. 'आजीचे पाय चेपताना तिला वाटतं, आपण देवाचेच पाय चेपतोय': चिठ्ठी भक्तीत गेली. 'आपण केलं तरच आजी बरी होणार, बाकी कुणाला जमायचं नाही': गेली चौथ्यात. ज्ञानात हलवणं सर्वांत अवघड. एका गटाने लिहिलं, 'आजीचं झिजलेलं शरीर पाहून तिला प्रश्न पडला की आजी म्हणजे नक्की कोण.' मी ते मान्य केलं, पण ज्ञानाच्या गठ्ठ्याच्या कडेवर. प्रश्न पडला आहे, शोध अजून सुरू व्हायचाय. त्या तीन वाक्यांत औषधाची वेळ किंवा कूस बदलणं, काहीच बदललेलं नसतं.

गुण देताना चिठ्ठी कुठे ठेवली याला कमी आणि कारणाला जास्त द्यावेत. कारणात फळ किंवा 'मी' यांपैकी एकाचाही उल्लेख नसेल, तर मुलाने हात पाहून ठरवलं आहे असं समजावं.

वेळ उरला तर सातवी चिठ्ठी द्या: अरणचे सावता माळी, जे मळ्यातलं काम हेच पूजन मानून राबत राहिले. अर्धा वर्ग कर्म म्हणतो, अर्धा भक्ती. गीतेच्या नवव्या अध्यायातलं 'जे करशील, जे खाशील, ते मला अर्पण कर' हे वाचून दाखवलं तरी गट हटत नाहीत. आमच्याकडे ती चिठ्ठी गेल्या वेळी दोन गठ्ठ्यांच्या मधोमध आडवी ठेवली गेली, आणि तास संपला.