कमेंट निवडायच्या कशा: लाइकनुसार की मॉडेलच्या गुणांनुसार?

नागपूरच्या इतवारीतल्या सावजी मसालेवाल्याच्या पोस्टवर 200 कमेंट आल्या, तर उत्तर द्यायला, पिन करायला किंवा जाहिरातीत अभिप्राय म्हणून वापरायला माणसाने वाचायच्या 20 कशा काढायच्या?

लाइकनुसार क्रम लावणं सोपं. पण आधी आलेल्या कमेंटना लाइक गोळा करायला जास्त वेळ मिळतो, आणि ‘पाकीट फुटून आलं, बदलून द्याल का?’ ही शून्य लाइकची कमेंट तळाशी जाते. उत्तर तर तिलाच आधी हवं. पिनसाठी मात्र लाइक हा बरा निकष आहे.

भाषेचं मॉडेल मजकूर वाचून गुण देतं. त्याच्याकडून एकच गुण घेऊ नका. उत्तराची गरज, पिन आणि अभिप्राय यांना 0 ते 3 असे वेगवेगळे गुण मागा. वरची तक्रार मग 3, 0, 0 अशी वर येते. फसगत होते ती बोलीत. ‘जाळ काढला ना बे मसाल्यानं!’ ही नागपुरी दाद मॉडेल तक्रार समजू शकतं. म्हणून सूचनेत अशी दहाबारा खरी उदाहरणं गुणांसकट द्या, आणि गाळलेल्यांतल्या कोणत्याही 10 कमेंट दर वेळी वाचा. त्यांत तक्रार सापडली, तर उदाहरणं वाढवा.

ऑर्डरी पोस्टवरूनच येत असतील तर मॉडेलच घ्यावं. अभिप्राय जाहिरातीत वापरण्याआधी लिहिणाऱ्याची परवानगी मात्र माणसानेच मागायची.